‘पिन गेली’ म्हणण्याआधी केबल आणि पोर्ट तपासा

“केबल वाकडी धरल्यावरच फोन चार्ज होत असेल तर पिन गेली समजा. केबल बदलून उगाच पैसे घालवू नका. पिन बदलेपर्यंत सुईने आतला कचरा काढा, जोरात फुंकर मारा आणि केबल रबर बँडने ताणून बांधा. मेसेज पुढे पाठवा.”

हा मेसेज एकेक करून तपासू. पिनेपासून, म्हणजे फोनच्या चार्जिंग पोर्टपासून, सुरुवात करू. आजकालच्या बहुतेक फोनना टाइप-सी पोर्ट असतं. त्याच्या आत मधोमध एक पातळ, ताठ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना सोनेरी पट्ट्या असतात. दाब देणाऱ्या स्प्रिंगा फोनमध्ये नसतात, त्या केबलच्या टोकात असतात. जोडणीची ही रचनाच अशी आहे की झिजायचं ते स्वस्त केबलने झिजावं. पोर्टने 10,000 वेळा केबल लावणं-काढणं सोसावं अशी अपेक्षा असते. दिवसातून तीनदा चार्जिंग धरलं तरी तो हिशेब नऊ वर्षांचा होतो. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या फोनमध्ये पहिला संशय पिनेवर घेऊ नये.

केबल बदलून पाहणं म्हणजे पैसे घालवणं नव्हे, तीच खरी तपासणी आहे, आणि त्यासाठी शेजारच्याची केबलही चालते. आधी जुन्याच केबलवर एक गोष्ट करा. फोन टेबलावर ठेवा, केबलचं टोक बोटांनी घट्ट धरून फक्त मागची मान हळू वाकवा. चार्जिंगची खूण ये-जा करू लागली तर आतली तार मानेपाशी तुटली आहे. आता उलट करा: मान स्थिर धरा आणि टोक किंचित डावी-उजवीकडे हलवा. आता खूण गेली तर दोष टोक आणि पोर्ट यांच्या मिलनात आहे. मग नीट चालणारी दुसरी केबल या फोनला आणि ही केबल दुसऱ्या फोनला लावा. दोष केबलबरोबर गेला तर केबल बदला, फोनपाशीच राहिला तर पोर्टात पाहा. फोनचं कव्हर मात्र काढूनच बघा, कारण जाड कव्हर टोकाच्या प्लास्टिकला अडवतं आणि केबल पूर्ण आत जात नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांजवळ दिवसभर वावरणारा फोन घ्या. खिशातल्या कापडाचे तंतू पोर्टात जातात आणि दर वेळी केबल लावताना तळाशी ठासले जातात. हळदीची पूड आणि घामाची ओल मिसळली की त्याचा दबलेल्या कापसासारखा थर बनतो. मग टोक आत जाताना नेहमीचा ‘टक्’ जाणवत नाही, त्याचं धातूचं अंग बारीक फटीतून दिसत राहतं, आणि एका बाजूला दाबलं तरच पट्ट्या भिडतात. नव्या केबलनेही तसंच होतं, पण जुनी केबल दुसऱ्या फोनमध्ये टक्कन बसते. एवढं जुळलं की टॉर्च लावा. जिभेच्या दोन्ही बाजूंना तळाशी करडा-पिवळा थर दिसेल.

तो काढायला सुई नको. जिभेवर एकमेकींना अगदी लागून असलेल्या पट्ट्या सुईने जोडल्या जाऊ शकतात, त्यांचा मुलामा खरवडतो, आणि जोर लागला तर जीभच मोडते. तेव्हा मात्र पिन खरोखर जाते. फोन बंद करा. लाकडी टूथपिक घ्या, पण ती आहे तशी आत जाणार नाही, कारण जीभ आणि भिंत यांच्यामधली फट एक मिलिमीटरहूनही कमी असते. ब्लेडने टोक चपटं तासून घ्या. पोर्ट खाली धरून काडी भिंतीला लागून तळापर्यंत न्या आणि हलकेच बाहेर ओढा. दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा असं करा. जिभेला तरफेसारखा जोर कुठेही लावू नका. पहिले तंतू निघाले म्हणजे झालं असं समजू नका. खालचा गोळा बहुधा शेवटी सुटतो. फुंकरीने तो हलत नाही, वर तोंडातली वाफ आत जाते.

रबर बँडचा उपाय तर धोक्याचा. अर्धवट भिडलेल्या पट्टीतून वीज जाताना तिथेच उष्णता होते, प्लास्टिक काळं पडतं, आणि कचऱ्याचा साधा दोष जळक्या पोर्टपर्यंत जातो.

साफ करूनही दोन चांगल्या केबल हलवल्यावर चार्जिंग तुटत असेल तर दोष पोर्टातच आहे. केबल एका बाजूने लावली तर चालते आणि उलटी केली की नाही असं प्रत्येक केबलला होत असेल, तर जिभेच्या एका अंगाची पट्टी खराब आहे. हिरवट डाग, वाकडी जीभ किंवा बॉडीत डुगडुगणारं पोर्ट दिसलं तरीही दुरुस्तीचंच काम आहे. दुकानात आधी विचारा की या मॉडेलचा चार्जिंग बोर्ड वेगळा निघतो का. निघत असेल तर मदरबोर्डवर सोल्डरिंग न करता तो बदलता येतो.