वाजवणं थांबलं की फेटा डोळ्यावर: एका दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

★★☆☆☆
"ढोल पथकाच्या गेमसाठी तुमचं कॅरेक्टर किट घेतलं. ढोलवाला वाजवायचा थांबला की फेटा डोळ्यावर येतो आणि तिथेच राहतो. कधी होतं, कधी होत नाही. डावीकडे वळला की फेटा एक पिक्सेल सरकतो आणि शेमला दुसऱ्या खांद्यावर जातो. अंबाडा फेट्यातून वर डोकावतो. मी स्वतः काढून घातलेली नऊवारी तर चालताना डुगडुगते. रंगपंचमीला मित्रांना डेमो दाखवला, सगळे हसले. 'प्रत्येक फ्रेमला अचूक बसतं' असं पानावर लिहिलंय, ते काढून टाका."

नमस्कार,

ते वाक्य आज सकाळी काढलं. उत्तराला नऊ दिवस लागले, कारण पहिले पाच दिवस आमच्याकडे तो फेटा डोळ्यावर यायलाच तयार नव्हता. आमच्या अशोक स्तंभाजवळच्या खोलीत तिघांनी आळीपाळीने ढोल वाजवून पाहिला (कीबोर्डवर, शेजाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये). तुमचं 'कधी होतं, कधी होत नाही' हे वाक्यच शेवटी कामाला आलं.

आमच्या किटमध्ये शरीर हे Godot या गेम इंजिनातलं AnimatedSprite2D आहे, म्हणजे फ्रेम एकामागून एक दाखवणारं चित्र. फेटा हे एकच चित्र आहे, ते प्रत्येक फ्रेमसाठी वेगळं काढलेलं नाही. त्याऐवजी कुठल्या हालचालीच्या कुठल्या फ्रेमला डोकं कुठे आहे, याचा एक तक्ता आहे, आणि फ्रेम बदलली की फेटा तक्त्यात बघून जागा घेतो. फ्रेम बदलल्याची खबर त्याला frame_changed या सिग्नलवरून मिळते. आम्ही फेट्याला तेवढा एकच सिग्नल जोडला होता. चूक तिथे होती.

Godot 4 मध्ये हा सिग्नल फ्रेमचा क्रमांक बदलला तरच येतो. ढोलाची हालचाल 8 फ्रेमची आहे, 0 ते 7. उभं राहण्याची हालचाल एकाच फ्रेमची आहे, तिचा क्रमांक 0. समजा वाजवणारा पाचव्या फ्रेमला थांबला. क्रमांक 5 चा 0 झाला, सिग्नल आला, फेटा जागेवर गेला. पण तो नेमका शून्याव्या फ्रेमला थांबला, तर हालचाल बदलली तरी क्रमांक 0 चा 0 च राहिला. इंजिनाच्या लेखी फ्रेम बदललीच नाही, म्हणून सिग्नलही नाही. ढोलाच्या शून्याव्या फ्रेमला माणूस वाकलेला असतो, डोकं उभ्या स्थितीपेक्षा 4 पिक्सेल पुढे आणि 3 पिक्सेल खाली. शरीर सरळ झालं, फेटा मात्र वाकलेल्या माणसाच्या डोक्याच्या जागी राहिला, म्हणजे डोळ्यावर. आणि उभं राहण्यात दुसरी फ्रेमच नसल्याने नंतरही कुणी त्याला हाक मारत नाही. पुढचं पाऊल टाकेपर्यंत बिचारा तसाच.

म्हणजे सरासरी आठात एकदा. आमच्या चाचणीत बटण दाबलं की ढोलाचं एक पूर्ण आवर्तन होऊन माणूस थांबायचा, म्हणजे कायम सातव्या फ्रेमनंतर. 7 चा 0 होतो, सिग्नल येतो, सगळं छान दिसतं. तुमच्या गेममध्ये खेळणारा वाटेल तेव्हा बोट उचलतो. चाचणी आम्ही आमच्या सोयीने केली होती, हे कबूल.

दुरुस्ती छोटी आहे. हालचाल बदलल्याचा animation_changed हा वेगळा सिग्नल असतो, तोही त्याच फंक्शनला जोडायचा. नव्या आवृत्तीची वाट न पाहता तुम्ही आजच करू शकता:

```gdscript
func _ready():
	body.frame_changed.connect(place_hat)
	body.animation_changed.connect(place_hat)
	place_hat()

func place_hat():
	var p = head[body.animation][body.frame]
	hat.flip_h = body.flip_h
	hat.position = Vector2(-p.x if body.flip_h else p.x, p.y)
```

यात एक खाच उरतेच. चित्र आरशासारखं उलटवणारं flip_h बदलल्यावर यातला कुठलाच सिग्नल येत नाही. उभ्या माणसाने जागच्या जागी तोंड फिरवलं तर हालचाल तीच, फ्रेमही तीच. म्हणून तुमच्या कोडमध्ये जिथे flip_h बदलता, त्याच्या पुढच्याच ओळीत place_hat() बोलवा. प्रत्येक _process मध्ये जागा तपासत राहण्याचा मार्गही होता, पण तेव्हा फेट्याची पाळी शरीराच्या आधी आली तर तो एक पाऊल मागे राहतो, आणि तो दोष पकडायला याहून अवघड. मला सिग्नलच बरे वाटतात.

आता डावीकडचा एक पिक्सेल. हा निव्वळ आमच्या गणिताचा गोंधळ. फ्रेम 64 पिक्सेल रुंद, आणि तक्त्यात आम्ही डावीकडून पिक्सेलचा क्रमांक लिहीत होतो. उजवीकडे तोंड असताना ढोलाच्या शून्याव्या फ्रेमला डोक्याचा मध्य 35 व्या पिक्सेलवर आहे. आरशात तो कुठे जाईल? आम्ही 64 मधून 35 वजा करून 29 लिहिलं. पण पिक्सेल 0 ते 63 असे मोजले जातात, म्हणून वजाबाकी 63 मधून हवी आणि उत्तर 28. हा एक पिक्सेल मोठ्या चित्रात कुणाला दिसला नसता. पंधरा पिक्सेल रुंद फेट्यात तो लगेच दिसतो, एका कानावर टोपी घातल्यासारखा.

आता तक्ता चौकटीच्या मध्यापासून मोजला आहे. 35 व्या पिक्सेलचा मध्य चौकटीच्या मध्यापासून 3.5 वर येतो, डावीकडे वळल्यावर फक्त चिन्ह बदलतं, उणे 3.5, आणि तो बरोबर 28 व्या पिक्सेलचा मध्य. वर कोडमध्ये p.x च्या आधी उणे आहे ते यासाठीच, त्यामुळे हे कोड नव्या तक्त्यासोबतच वापरा. तो या पानावर फाइलींमध्ये ठेवला आहे. आणि तो आता कुणी हाताने भरत नाही. शरीराच्या चित्रात एका लपवलेल्या लेयरवर, डोक्याच्या मध्यावर, प्रत्येक फ्रेममध्ये एक भडक राणी रंगाचा ठिपका देतो, आणि एक छोटी स्क्रिप्ट ते ठिपके शोधून तक्ता बनवते. तुम्ही स्वतःची हालचाल काढलीत तर हाच मार्ग घ्या. एखाद्या फ्रेमला ठिपका द्यायचा राहिला तर स्क्रिप्ट अडते आणि फ्रेमचा क्रमांक सांगते. हाताने भरलेल्या तक्त्यात तिथे गुपचूप चुकीचा आकडा राहून जातो.

शेमल्याबद्दल मात्र मला वाईट वाटलं, कारण हा आम्ही जाणूनबुजून घेतलेला आखूड रस्ता होता. एकच बाजू काढायची आणि दुसरी आरशातून घ्यायची, यात निम्मी चित्रं वाचतात. टोपीला ते चालतं, टोपीला डावं-उजवं नसतं. शेमला सोडलेल्या फेट्याला असतं, तसंच एका खांद्यावरच्या उपरण्याला आणि पदरालाही. 2012 च्या Liberated Pixel Cup या स्पर्धेतून आलेली जी खुली चित्रं अनेकजण वापरतात, त्यांत डावी आणि उजवी बाजू वेगळी काढलेली असते. सुरुवातीला मला ती उधळपट्टी वाटायची. शुक्रवारच्या दुरुस्त्यांनंतरच्या आवृत्तीत फेटा, उपरणं आणि पदर यांची डावी चित्रं वेगळी असतील, आणि त्यांच्यासाठी वरच्या कोडमधली hat.flip_h ची ओळ चालणार नाही, तिच्या जागी चित्रच बदलेल. फेट्याचं काम झालंय, बाकीच्यांना तीन आठवडे धरा.

अंबाड्याचं कारण वेगळं आहे. आमच्याकडे 12 केशरचना आणि 9 शिरोवस्त्रं आहेत. प्रत्येक जोडी वेगळी काढायची तर 108 संच होतात, ते आम्हाला झेपत नाही. म्हणून प्रत्येक केशरचनेची तीनच रूपं काढतो: उघडे केस, टोपीखालचे आणि फेट्याखालचे. 36 संचांत काम भागतं. फेट्याखालच्या रूपात कानाच्या वरचं काहीच नसतं, फक्त मानेवर येणारे केस. उंच अंबाड्याचं हे रूप काढायचं राहून गेलं होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे रूप सापडलं नाही तर 'उघडे केस दाखव' असं कोडमध्ये होतं, त्यामुळे आमच्याही नजरेतून ते निसटलं. आता रूप नसेल तर केस दिसतच नाहीत आणि खाली लाल अक्षरांत फाइलचं नाव येतं. टक्कल पडलेलं पात्र चटकन लक्षात येतं.

नऊवारीचा दोष मात्र मी घेत नाही. तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये फ्रेम एकसारख्या नाहीत: पहिली 31 पिक्सेल रुंद, तिसरी 44. Aseprite मधून शीट बाहेर काढताना Trim Cels वर खूण राहिली असणार. त्यात प्रत्येक फ्रेमच्या भोवतीची रिकामी जागा कापली जाते. पाऊल पुढे पडलं की कासोट्याचा घेर पुढे पसरतो आणि चित्र रुंद होतं, पाय जवळ आले की अरुंद. मग Godot प्रत्येक चित्राचा मध्य शरीराच्या मध्यावर ठेवतो. घेर एकाच बाजूला 13 पिक्सेल वाढला तर सगळी साडी साडेसहा पिक्सेल उलट बाजूला सरकते. हे तुमच्याकडेही पडताळता येईल: साडीचा कमरेवरचा भाग कुठल्याच फ्रेममध्ये बदलत नसूनही तो सरकताना दिसला, तर दोष कापण्याचा आहे, चित्राचा नाही. खूण काढा, 64 बाय 64 च्या पूर्ण चौकटीत पुन्हा बाहेर काढा. मी तुमच्या फाइलवर करून पाहिलं, साडी जागेवर बसते. तसं ते चित्र सुरेख आहे, ओच्याच्या सावल्या आमच्यापेक्षा चांगल्या जमल्यात. मात्र 'Trim करू नका' हे आमच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. आता पहिल्या पानावर आहे.

फेटा, एक पिक्सेल आणि अंबाडा या तिन्हींच्या दुरुस्त्या असलेली आवृत्ती शुक्रवारी येईल, ज्यांनी किट घेतलंय त्या सर्वांना फुकट. थांबायचं नसेल तर पैसे पूर्ण परत करतो, इथेच खाली तसं लिहा, कारण विचारणार नाही. ठेवणार असाल तर एक विनंती. ढोलाच्या शून्याव्या फ्रेमला मुद्दाम वीस वेळा थांबून बघा आणि फेटा एकदाही डोळ्यावर राहिला तर फ्रेमसकट कळवा. तारे किती द्यायचे ते त्यानंतर ठरवा, किंवा आहेत तेवढेच ठेवा.