‘की जर’ इथे तुटलेला पुराचा मेसेज

> 🙏 महत्त्वाचे 🙏 राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले. 11,500 क्युसेक पाणी सुटले. आज रात्री निपाणी-चिक्कोडीकडील वेदगंगा, दूधगंगा, कृष्णाकाठची सर्व गावे पाण्याखाली जाणार. आपल्या नातेवाइकांना लगेच कळवा. प्रशासनाने सांगितले आहे की जर

हा मेसेज आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर जुलैमधल्या एका रात्री पावणेनऊला पडला. टाकणारे काका बेळगावात राहतात आणि त्यांच्या घराला नदीचं भय नाही. पण जत्राटला आमची थोरली आत्या आहे, यडूरला धाकटी, सदलग्याला चुलतभावाची सासुरवाडी. दहा मिनिटांत थोरल्या आत्याला सात फोन गेले. मी निपाणीचा, म्हणून आठवा माझ्याकडून अपेक्षित होता. तो करण्याआधी मी मेसेज दोनदा वाचला, आणि ‘की जर’ या दोन शब्दांवर अडकलो.

‘जर’ आला की पुढे ‘तर’ यायला हवा. प्रशासनाने घातलेली अट आणि तिच्यावर अवलंबून असलेली सूचना, दोन्ही गायब होत्या. मेसेज तिथे संपलेला नव्हता, कुणाच्या तरी बोटाखाली तुटला होता. आणखी एक गोष्ट दिसली. त्यावर ‘फॉरवर्डेड’ची खूण नव्हती. त्यामुळे एका चुलतबहिणीला वाटलं की काकांनी स्वतः चौकशी करून लिहिलंय. पण ही खूण मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलला तरच लागते. मजकूर निवडून कॉपी करून चिकटवला की ती जाते, आणि निवडताना शेवट सुटतो तो याच पद्धतीत. म्हणून लांबलचक मेसेज अर्ध्यावर तुटलेला असेल आणि वर खूण नसेल, तर तो कॉपी केलेलाच आहे असं मी धरून चालतो. काकांना विचारलं तर म्हणाले, ‘‘मला आलं तसंच टाकलंय रे.’’ आलं तसंच म्हणजे ‘की जर’पर्यंतच.

आता एकेक मुद्दा.

सुरुवात दरवाजांपासून, कारण ‘उघडले’ हे क्रियापद मराठीत फसवं आहे. दार वाऱ्यानं उघडलं तरी उघडलंच, आणि कुणी उघडलं तरी उघडलंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव पूर्ण पातळीला भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उचलले जातात, पातळी उतरली की आपोआप बसतात. ‘उघडले’ म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीतरी चक्र फिरवून पाणी आपल्या अंगावर सोडतंय असं चित्र येतं. खरी गोष्ट एवढीच की धरण भरलंय आणि वरून येणारं जादा पाणी पुढे जातंय. पावसाने दम धरला की सातातले दोन-तीन मिटतातही. म्हणूनच ‘सातही उघडले’ या वाक्याला वेळ जोडलेली नसेल तर त्याचा उपयोग फार थोडा.

आकडा मात्र खोटा नाही, हे आधी कबूल करतो. एका दरवाजातून 1,428 क्युसेक जातं. सातांचे होतात 9,996. वीजगृहातून साधारण 1,500 सुटतं, तेव्हा बेरीज साडेअकरा हजारांच्या आसपास येते. गंमत अशी की बरोबर आकडाच माणसाला जास्त घाबरवतो, कारण त्याच्याशेजारी तुलनेला दुसरा आकडा ठेवलेला नसतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. साडेअकरा हजार क्युसेक पाणी अखंड 24 तास वाहिलं, तर जेमतेम एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, भरतं. राधानगरी आठ टीएमसीच्या थोडं वर धरते, आणि आपल्या खाली कृष्णेवर अलमट्टी आहे ती 123 टीएमसीची. भर पावसात कल्लोळजवळ कृष्णेचा प्रवाह लाखभर क्युसेकच्या वर जातो. त्यात राधानगरीचे सातही दरवाजे मिळून दहाव्या हिश्शाच्या आसपास. हे पाणी कमी नाही, विशेषतः पंचगंगा आधीच तुडुंब असेल तेव्हा. पण तेवढ्याने एका रात्रीत तीन नद्यांचा काठ बुडत नाही.

मेसेजमधली सर्वांत मोठी चूक त्या तीन नद्यांच्या नावांतच आहे, आणि ती आपल्या भागातल्या माणसाच्या नजरेतून सुटायला नको होती. राधानगरी भोगावतीवर आहे. भोगावती पंचगंगेत जाते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, मग राजापूर बंधारा ओलांडून पाणी कर्नाटकात येतं. वेदगंगेचा या वाटेशी संबंधच नाही. वेदगंगेला पाणी येतं पाटगावच्या धरणातून, दूधगंगेला काळम्मावाडीतून. या दोन्ही भोजजवळ एक होतात आणि पुढे कल्लोळपाशी कृष्णेला मिळतात. म्हणजे जत्राट, भिवशी, अक्कोळ, सिदनाळ या गावांसाठी राधानगरीचे दरवाजे सात उघडोत की एकही न उघडो, वरून येणाऱ्या वेदगंगेच्या पाण्यात थेंबाचाही फरक पडत नाही. थोरल्या आत्याला गेलेले सातही फोन चुकीच्या धरणासाठी होते.

यात एक मेख आहे आणि ती झाकून ठेवली तर मीही अर्धाच मेसेज पाठवल्यासारखं होईल. कृष्णा चढलेली असेल तर दूधगंगेचं पाणी तिच्यात शिरायला जागा मिळत नाही, मागे फुगवटा येतो. हा फुगवटा सदलगा, मलिकवाड, दत्तवाडच्या बाजूला जाणवतो. तेव्हा कृष्णाकाठच्या यडूरला राधानगरीचा संबंध सरळ आहे, सदलग्याला फुगवट्याच्या वाटेने थोडाफार, आणि जत्राटला जवळपास नाहीच. मेसेजने मात्र तिन्ही गावं एका दोरीत बांधली.

‘आज रात्री’बद्दल फार बोलायला नको. ते पाणी आधी कोल्हापूरपर्यंत यायचं, राजाराम बंधाऱ्यावर चढायचं, मग शिरोळच्या सपाट रानातून पसरत वाडीला पोहोचायचं. कोल्हापुरातच फरक दिसायला अर्धा दिवस जातो असं काठावरचे लोक धरून चालतात. रात्री पावणेनऊला वाचलेलं पाणी पहाटेपर्यंत यडूरच्या घाटावर येत नाही. आणि मुळात ‘आज’ म्हणजे कोणता दिवस हे मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

तो दिवस सापडला वहिनींमुळे. त्या गोकाकच्या, माहेर कानडी. त्यांच्या माहेरच्या ग्रुपवर हाच मेसेज कन्नडमध्ये आला होता आणि तो तुटलेला नव्हता. त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला शेवट मराठीत सांगितला: जर पंचगंगेची पातळी इशाऱ्याच्या वर गेली, तर शिरोळ तालुक्यातल्या सखल भागातील लोकांनी स्थलांतराची तयारी ठेवावी, दुपारनंतर पाऊस ओसरल्याने तीन दरवाजे मिटले आहेत, घाबरू नये. खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैची. ‘सर्व गावे पाण्याखाली जाणार’ हे वाक्य कन्नड मजकुरात नव्हतंच. म्हणजे मराठी मेसेजचं शेपूट तुटलं होतं तसं पोटात एक वाक्य वाढलंही होतं. सीमाभागातल्या घरांत ही सोय फुकट मिळते. एकच गोष्ट दोन भाषांत फिरते आणि दोन्ही ठिकाणी एकाच जागी तुटत नाही. मी आता पुराचा मेसेज आला की आधी वहिनींना विचारतो, मग गुगलला. गुगललाही विचारलं. ‘सातही स्वयंचलित दरवाजे’ असे शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधलं की जुन्या बातम्या तारखेसकट वर येतात. त्यात तीच तारीख निघाली.

पण मेसेज जुना निघाला म्हणजे आज पूर नाही, असं होत नाही. इथे बरेच जण घसरतात. ‘फेक आहे’ एवढं टाकून मोकळे होतात आणि काठावरचा माणूस निर्धास्त झोपतो. म्हणून ज्या रात्री मेसेज ग्रुपवर पडला त्या दिवसाचा आकडा वेगळा काढावा लागला. कोल्हापूर जिल्ह्याकडून पावसाळ्यात रोज धरणांचा विसर्ग जाहीर होतो. त्या संध्याकाळी राधानगरीचे दोन दरवाजे उघडे होते: 1,428 दुणे 2,856, अधिक वीजगृहाचे 1,500, मिळून 4,356 क्युसेक. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी इशाऱ्याच्या बरंच खाली होतं. वेदगंगेसाठी पाटगावचा आणि दूधगंगेसाठी काळम्मावाडीचा विसर्ग त्याच तक्त्यात वेगळ्या ओळींत असतो, आणि थोरल्या आत्याच्या कामाची ओळ ती पाटगावची. कृष्णेची पातळी केंद्रीय जल आयोगाच्या ffs.india-water.gov.in वर दिसते, त्यात कुरुंदवाडचं केंद्र यडूरसाठी उपयोगी, कारण ते आपल्या वरच्या अंगाला आहे. रात्री इंटरनेट बसलं तर 1077 हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोच. फक्त लावताना आपण कोणत्या जिल्ह्यात उभे आहोत हे ध्यानात ठेवावं. मोबाईलचा टॉवर कधी कधी सीमेपलीकडचा पकडतो आणि फोन भलत्याच कक्षात जातो.

शेवटी ग्रुपवर मी हे लिहिलं:

‘काकांनी टाकलेला मेसेज दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि अर्धा आहे. उरलेला भाग शिरोळ तालुक्यासाठी होता. आज संध्याकाळी राधानगरीचे दोनच दरवाजे उघडे, 4,356 क्युसेक. वेदगंगेचा राधानगरीशी संबंध नाही. जत्राटवाल्यांनी पाटगावचा विसर्ग बघावा. यडूर, सदलगा: कृष्णा सावकाश चढते आहे, सकाळी सहाला पुन्हा आकडा टाकतो. काका, वरचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करा.’

काकांनी डिलीट केला, पण तोवर तो दुसऱ्या दोन ग्रुपांवर गेला होता. मग मी माझा मजकूर त्यांना कॉपी न करता फॉरवर्ड करायला सांगितलं, म्हणजे शेपूट तुटणार नाही. तो तिथेही गेला.

थोरल्या आत्याला आठवा फोन मी केलाच. ती वैतागली होती. म्हणाली, ‘‘जत्राट-भिवशीचा बंधारा परवापासनं पाण्याखाली हाय. पाटगावकडं पाऊस लागलाय हे आम्हाला नदीचा रंग बघून कळतंय. म्हशी कवाच वरच्या गोठ्यात नेल्यात. त्या राधानगरीचं मला काय सांगतायसा सगळे?’’

धाकटीने फोन उचलला नाही. सकाळी सहाला मी आकडा टाकला तेव्हा तिचा निरोप आला होता: घाटाच्या दोन पायऱ्या अजून उघड्या आहेत.