पाय चार्टची बेरीज १०० आली, म्हणून आकडे बरोबर ठरत नाहीत

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे सध्या दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे जिथे तिथे प्रेझेंटेशनची तयारी चालू आहे. स्लाइडचा साचा बहुतेक ठिकाणी एकच असतो, डावीकडे तक्ता आणि उजवीकडे पाय चार्ट. तपासणीही ठरलेली असते: चार्टवरच्या टक्क्यांची बेरीज मारायची, १०० आली की पुढची स्लाइड. माझं स्पष्ट मत आहे की ही तपासणी अपुरी आहे, आणि कधी कधी ती चुकीची स्लाइड पास करून बरोबर स्लाइड नापास करते.

उदाहरण घेऊनच बोलू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एका द्राक्ष संस्थेची वाणनिहाय आवक: थॉमसन २८७ टन, सोनाका १४६, शरद ९३, क्रिमसन ६९ आणि इतर ४५. एकूण ६४० टन. टक्के काढले तर ४४.८४, २२.८१, १४.५३, १०.७८ आणि ७.०३. पूर्णांकात लिहिले की ४५, २३, १५, ११, ७. बेरीज मारा, १०१ येते. एक दशांश ठेवला तर ९९.९. दोन ठेवले तर ९९.९९. आकडा एकही चुकलेला नाही, तरी १०० कुठेच येत नाही.

आता समजा चार्टच्या डेटामध्ये सोनाकाचे १४६ ऐवजी १६४ टाइप झाले. अंकांची अदलाबदल ही टायपिंगमधली नेहमीची चूक. चार्ट आता ६५८ टनांवर टक्के काढतो आणि दाखवतो ४४, २५, १४, १०, ७. बेरीज बरोब्बर १००! म्हणजे फक्त बेरीज बघणारा माणूस खरी स्लाइड परत पाठवेल आणि चुकीची सभेत दाखवेल.

असं होण्याचं कारण साधं आहे. पॉवरपॉइंटमध्ये लेबलला Percentage निवडलं की चार्ट स्वतःच्या डेटाची स्वतः बेरीज करतो आणि तिलाच १०० धरतो. डेटा कसलाही असो, वर्तुळ पूर्णच भरणार. त्यामुळे ती बेरीज फार तर पूर्णांकन कसं झालं ते सांगते. शेजारच्या तक्त्याशी चार्ट जुळतो की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

म्हणून पहिलं काम टक्क्यांचं नाही, टनांचं. चार्टवर राइट क्लिक करून Edit Data उघडा, आतल्या आकड्यांची बेरीज घ्या आणि तक्त्याच्या एकूण ओळीशी ताडून बघा. इथे ६५८ आणि ६४०, फरक १८. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आधी अंकांची अदलाबदल शोधा. ही हिशेबनिसांची जुनी युक्ती आहे आणि आजही तितकीच कामाची आहे. तक्त्यातली ‘एकूण’ ओळसुद्धा तिथे लिहिलीय म्हणून खरी मानू नका, वरच्या ओळी एकदा स्वतः मिळवा.

डेटा उघडता येत नसेल, म्हणजे हातात पीडीएफ किंवा छापील अहवाल असेल, तर उलटं जा. चार्टवरचा टक्का गुणिले तक्त्यातली एकूण, आणि उत्तर तक्त्यातल्या टनांशी ताडा. पूर्णांक टक्क्यात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची तफावत चालते. ६४० टनांचा अर्धा टक्का ३.२ टन, तेवढी सूट द्यायची. चुकीच्या चार्टवर सोनाका २५ टक्के, म्हणजे १६० टन, तक्त्यात १४६. फरक १४ टन, पूर्णांकनात बसतच नाही. थॉमसन, शरद आणि क्रिमसनही सूट ओलांडतात, पण खालच्या बाजूला. एक भाग फुगलेला आणि बाकीचे थोडे थोडे दबलेले दिसले की चूक फुगलेल्या भागातच असण्याची शक्यता सर्वात जास्त.

एक्सेलमध्ये B2 ते B6 टन, B7 मध्ये एकूण आणि C2 पासून खाली चार्टवर दिसणारे टक्के टाइप केले, तर D2 मध्ये हे लिहून खाली ओढा. जिथे FALSE येईल तिथे बघा.

```
=ABS(C2/100*B$7-B2)<=0.005*B$7
```

तक्ता आणि चार्ट एकाच फाइलमधून घेतलेले असूनही वेगळे का पडतात? बहुतेक वेळा पेस्टमुळे. एक्सेलमधला चार्ट साधा पेस्ट केला की तो सहसा मूळ फाइलशी जोडलेला राहतो. तक्ता मात्र सुटा होतो, त्या क्षणी होता तसाच. मग कोणी एक्सेलमध्ये सोनाकाचा सुधारित आकडा भरला, Refresh Data दाबलं, की चार्ट बदलतो आणि तक्ता जुनाच राहतो. उलटंही घडतं: कोणीतरी लेबलवर क्लिक करून टक्का हाताने लिहिलेला असतो. डेटा कितीही बदला, ते लेबल हलत नाही. Format Data Labels मध्ये Reset Label Text दाबलं की हाताने लिहिलेलं जातं आणि मोजलेला आकडा येतो. तपासणी सुरू करण्याआधी हे बटण दाबाच.

एखादा भाग नेमका अर्धं वर्तुळ व्यापत असेल तर बहुधा ‘एकूण’ची ओळही चार्टच्या रेंजमध्ये आली आहे. आणि एखादं वाण चार्टमधून गायबच असेल तर मूळ शीटमध्ये फिल्टर लागलेला आहे का ते बघा, कारण लपलेल्या ओळी एक्सेल आपणहून चार्टमध्ये घेत नाही.

आता त्या १०१ चं काय करायचं? पाच भाग असतील तर पूर्णांकनामुळे बेरीज ९८ ते १०२ च्या मध्येच राहते. त्याबाहेर गेली तर पूर्णांकनाचं कारण देऊ नका, चूक शोधा. मर्यादेत असेल तर आकडे तसेच ठेवा, तक्त्याच्या एकूण ओळीत १०० लिहा आणि खाली एक ओळ टाका: ‘टक्के पूर्णांकात दिल्याने त्यांची बेरीज १०० पेक्षा थोडी वेगळी येऊ शकते.’ सभासदाला हे पुरतं.

‘इतर’मधून एक कापून १०० जमवण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. इथे इतर ७.०३ आहे, ते ६ केलं तर सगळ्यात अचूक बसलेला आकडाच आपण बिघडवतो. कोणाला १०० हवेच असतील तर सगळ्यांचे दशांश सोडून द्या: ४४, २२, १४, १०, ७, बेरीज ९७. उरलेले तीन टक्के ज्यांचा सोडलेला भाग मोठा त्यांना एकेक द्या, म्हणजे थॉमसन, सोनाका आणि क्रिमसनला. येतं ४५, २३, १४, ११, ७. यातही शरदचे १४.५३ चे १४ होतात, पण निदान नियम सगळ्यांना सारखा लागतो. मग तक्त्यातही हेच टक्के हवेत आणि चार्टची लेबलं Value From Cells ने त्याच स्तंभातून घ्यायला हवीत, नाहीतर चार्ट आपला १५ च दाखवत राहील.

एका प्रकारात मात्र यातलं काहीच लागू होत नाही. ‘तुमच्या बागेत कोणती वाणं आहेत?’ असं विचारलं असेल तर एकेक शेतकरी दोन-तीन वाणं सांगतो आणि टक्क्यांची बेरीज १५० सुद्धा होते. त्याचा पाय चार्ट काढला की सॉफ्टवेअर तेच आकडे दाबून १०० मध्ये बसवतं. ६० टक्के शेतकऱ्यांकडे असलेलं वाण चार्टवर ४० टक्के दिसतं आणि शेजारच्या तक्त्यात ६०. इथे आकडे जुळवत बसू नका. पाय चार्ट काढून टाका, आडव्या पट्ट्यांचा आलेख लावा आणि खाली किती शेतकऱ्यांनी उत्तर दिलं ते लिहा.