वॅट पाहून नव्हे, वहीवरचा उजेड पाहून दिवा घ्या

"अभ्यासाच्या खोलीत जास्त वॅटचा, पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा दिवा लावा. वॅट जास्त तितका उजेड जास्त. पांढऱ्या उजेडात झोप येत नाही आणि डोळेही बिघडत नाहीत."

असा सल्ला बऱ्याचदा ऐकायला मिळतो, पण तो फसवा आहे. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते ल्युमेन सांगतात. चांगला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो, बाजारातला बिननावाचा १२ वॅटचा त्याहून कमीही देऊ शकतो. खोक्यावर ल्युमेन छापलेलेच नसतील, तर तो दिवा अभ्यासाला घेऊ नका.

पण ल्युमेन पाहिले म्हणजे काम झालं असंही नाही, खरी गोम पुढेच आहे. अमळनेरच्या एखाद्या घरातली १० बाय १० फुटांची खोली धरा, म्हणजे ९.३ चौरस मीटर. भिंतीवर २० वॅटची, २००० ल्युमेनची ट्यूब आहे. त्यातला अंदाजे निम्मा उजेड भिंती, छत आणि सामान गिळतं. उरलेले १००० ल्युमेन ९.३ ने भागले की सरासरी १०८ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, येतात, आणि लिहा-वाचायला वहीवर ३०० ते ५०० लक्स लागतात. वर पत्रा आणि भिंती गडद असतील तर आणखी कमी. त्यात टेबल समोरच्या भिंतीला लावलेलं आणि ट्यूब पाठीमागे असेल, तर वहीवर स्वतःचीच सावली पडते; मग कितीही वॅट वाढवा.

म्हणून ट्यूब आहे तीच राहू द्या आणि शेडचा टेबल लॅम्प घ्या. त्यात ६००-७०० ल्युमेनचा, म्हणजे साधारण ७ वॅटचा बल्ब, वहीपासून दीड फूट उंच ठेवला की ३०० लक्सची गरज आरामात भागते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने लॅम्प डावीकडे ठेवावा. शेडची कड डोळ्यांच्या पातळीखाली हवी, बल्ब थेट दिसता कामा नये.

केल्विन हा उजेडाचा रंग आहे, जोर नव्हे. ६५०० मध्ये निळा अंश जास्त, त्याने जागं राहायला थोडी मदत होते हे खरं. पण रात्री ११ ला पुस्तक मिटल्यावर झोपही त्यामुळेच लांबते. ४००० पुरेसा. डोळ्यांचं म्हणाल, तर ते शिणतात अपुऱ्या उजेडाने, चकाकीने आणि लुकलुकण्याने. रंग पांढरा केल्याने यातलं काहीच जात नाही.

लुकलुक नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा, उजेड धडधडताना दिसला तर त्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, स्वस्तातला आहे. गावठाण आणि शेतीपंप एकाच फीडरवर असतील, तर पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा असे दिवे आणखी त्रास देतात. खोक्यावर १०० ते ३०० व्होल्टसारखी रुंद मर्यादा छापलेला दिवा पाहून घ्या. आणि जळगावच्या मे महिन्यात बंद काचेच्या गोळ्यात एलईडी बल्ब लावू नका: आत कोंडलेल्या उष्णतेने ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो आणि धड असलेला बल्बही लुकलुकू लागतो.