बिलावरची गोळी आणि हातातली गोळी

आज २४ जून. संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना आईच्या रक्तदाबाच्या दहा गोळ्या आणल्या. दुकानात पावसामुळे गर्दी होती, मुलाने पंधराच्या पट्टीतून कात्रीने दहा गोळ्या कापून दिल्या, मी एकशे दहा रुपये देऊन बिल पर्समध्ये कोंबले आणि निघाले. घरी आल्यावर आईने चष्मा लावून पट्टी उलटसुलट केली आणि विचारले, "यावर तारीख कुठे आहे गं?"

तारीख नव्हतीच. बॅच नंबर, एक्सपायरी आणि एमआरपी पट्टीच्या एका टोकाला ठशासारखे उमटवलेले असतात, आणि ते टोक पाच गोळ्यांसह दुकानाच्या खणात राहिले होते. (काही कंपन्या हा मजकूर प्रत्येक गोळीमागे छापतात, हे मान्य, आईची कंपनी छापत नाही.) बिलावर मात्र सगळे होते: बॅचचे शेवटचे आकडे ४१७, एक्सपायरी पुढच्या वर्षीचा मार्च, पंधरा गोळ्यांची एमआरपी १६५ रुपये. मी आईला म्हणाले, "बिलावर आहे ना सगळं!" आई म्हणाली, "बिल गिळायचं नाहीये मला."

मी चिडून पुन्हा खाली उतरले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी राग आईवरच होता. दुकानात खणातला उरलेला तुकडा दाखवायला सांगितला. कापलेली कड माझ्या तुकड्याशी तंतोतंत जुळली. त्या टोकावर बॅच ३६२ होती, एमआरपी १५० रुपये होती, आणि एक्सपायरी याच जूनची होती.

फक्त महिना आणि वर्ष छापलेले असेल, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत वापरायचे असते. म्हणजे ते आज विकणे चुकीचे नव्हते, असे मालक म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. पण आईची आजची गोळी घेऊन झाली आहे आणि जुन्या पट्टीतल्या सहा शिल्लक आहेत. त्या तीस तारखेपर्यंत पुरतील. नवी पट्टी ती एक जुलैला उघडणार, म्हणजे दहापैकी एकही गोळी मुदतीत पोटात जाणार नव्हती. एक जुलैला त्या गोळ्यांचे विष होत नाही, हेही मला कळते, परंतु त्या तारखेनंतर त्यांच्या गुणाची हमी कोणी देत नाही, आणि आम्ही पैसे हमीच्या औषधाचे मोजले होते.

पैसेही जास्तच मोजले होते. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ प्रमाणे सुट्या गोळ्यांची किंमत पट्टीच्या एमआरपीच्या प्रमाणातच घ्यावी लागते. माझ्या पट्टीच्या १५० रुपयांना पंधराने भागले की गोळी दहा रुपयांना पडते, म्हणजे दहा गोळ्यांचे शंभर रुपये होतात; बिलात गोळी अकरा रुपयांची होती. आणि एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यामुळे वर काही चढवायलाही जागा नसते. दहा रुपयांसाठी भांडणारी बाई म्हणून मागच्या रांगेने माझ्याकडे पाहिले. पाहू दे.

हे होते कसे, ते मालकांनीच सांगितले. बिल करताना संगणकावर औषधाचे नाव टाकले की साठ्यातल्या बॅचची यादी येते. घाईत समोर दिसेल त्या बॅचवर बोट दाबले जाते आणि हात खणातून मिळेल ती पट्टी उचलतो. लबाडी नव्हे, असे ते म्हणाले. नसेलही. परंतु केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची जी यादी काढते, ती बॅच नंबरसह असते. उद्या ३६२ त्या यादीत आली, तर माझे बिल मला ४१७ दाखवून निर्धास्त झोपवणार, आणि ४१७ आली तर आई नसलेल्या गोळ्यांची काळजी करणार.

त्या मुलावर मी आवाज चढवला, त्याचे आता वाईट वाटते आहे. सकाळपासून उभा असावा. त्याने काही न बोलता नवी पट्टी काढली, बिल रद्द करून नवे केले, आणि या वेळी छापील टोक माझ्याकडे येईल अशी दुसऱ्या बाजूने कात्री चालवली. एवढे सोपे होते ते.

त्या टोकाच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, जी मी आजवर वाचलीच नव्हती: तीस अंशांच्या खाली, ओलाव्यापासून दूर ठेवा. या गोळीला दमट हवा मानवत नाही, म्हणून तिचे पाकीट दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे असते. आणि मी शहाणी, दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या सोलून प्लास्टिकच्या डबीत भरून ती डबी स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर ठेवत होते, तेही मुंबईच्या जूनमध्ये.

आईला हे सांगितले. तिने डबी धुऊन त्यात लवंगा भरल्या आणि पट्टी बिलासकट कपाटात ठेवली.