एनएसए ५जी खोटं नाही, फोनवरचं चिन्ह मात्र फसवं असू शकतं

"एनएसए म्हणजे खोटं ५जी. आतून सगळं ४जीच, चिन्ह तेवढं ५जीचं. पैसे वाचवायला कंपन्यांनी जुन्याच कोअरवर भागवलं. पुण्यात खरा वेग हवा तर एसएच घ्या." असा दावा ऐकू येतो. एनएसए म्हणजे नॉन-स्टँडअलोन, ४जीच्या आधाराने चालणारं ५जी; एसए म्हणजे स्टँडअलोन, स्वतःच्या नव्या कोअरवर चालणारं. कोअर म्हणजे टॉवरांमागची मध्यवर्ती यंत्रणा. आता दाव्यातला एकेक भाग बघू.

"आतून सगळं ४जीच"
एनएसएमध्ये फोन आधी ४जी टॉवरला जोडला जातो. तो टॉवर फोनला आसपासचा ५जी सिग्नल मोजायला सांगतो आणि सिग्नल पुरेसा असला की ५जी स्टेशनकडे या फोनसाठी जागा मागतो. मग दोन्ही जोडण्या एकदमच चालतात. नियंत्रणाचे निरोप ४जीवरून जातात, डेटा मुख्यतः ५जीवरून. ४जीचा एक कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणारा लहरींचा पट्टा, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा, ३५०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातला ५जीचा १०० पर्यंत. वेग येतो तो मुख्यतः या रुंदीतून, आणि मागे कोअर कुठलाही असला तरी ती तेवढीच राहते.

"पैसे वाचवायला"
बचत झालीच, ते नाकारायचं कारण नाही. पण एनएसएचं मानक डिसेंबर २०१७ मध्ये तयार झालं, एसएचं जून २०१८ मध्ये. नवा कोअर उभारून तपासायला त्यापुढे आणखी वेळ हवा होता.

त्याहून मोठी अडचण फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलची. टॉवरकडे ताकद आणि ढीगभर अँटेना असतात. फोनकडे साधारण २०० मिलीवॉट. १८०० मेगाहर्ट्‌झच्या तुलनेत ३५०० वर मोकळ्या हवेतच सुमारे ६ डेसिबलची जादा घट होते, म्हणजे पोचते ती जेमतेम पाव शक्ती. शिवाय या पट्ट्यात फोनला पाठवायला वेळेचा छोटाच वाटा मिळतो. सदाशिव पेठेतल्या जाड भिंतींच्या वाड्यात, मागच्या खोलीत, टॉवरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं उत्तर टॉवरपर्यंत पोचत नाही. एनएसएमध्ये ते उत्तर ४जीच्या १८०० वरून जातं आणि कॉलही ४जीवरच टिकतो. नुसत्या ३५०० वर एसए चालवलं तर फोन अशा जागी पुरता ४जीवर घसरतो. म्हणून एसएला खालचा पट्टा लागतो. २०२२ च्या लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्‌झ घेतला आणि एसए निवडलं. एअरटेलने तो घेतला नाही आणि एनएसएने सुरुवात केली.

"खरा वेग हवा तर एसएच"
एसएचा खरा फायदा वेगळा आहे: स्लायसिंग म्हणजे एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या कामांसाठी स्वतंत्र भाग करणं, कमी विलंब आणि ४जीवरच्या अवलंबित्वातून सुटका. विसर्जनाच्या गर्दीत लक्ष्मी रस्त्यावर ४जी तुंबलं, तर एनएसएचा फोन रिकाम्या ५जीपर्यंतही पोचू शकत नाही, कारण दारच ४जीचं.

"चिन्ह तेवढं ५जीचं"
इथे दाव्यात तथ्य आहे. "इथे ५जी मिळू शकतं" असा संकेत ४जी टॉवर प्रसारित करतो, आणि काही फोन तेवढ्यावरच ५जी दाखवतात. खात्री करायची तर मोठं डाउनलोड सुरू ठेवून अँड्रॉइडवर `*#*#4636#*#*` डायल करा (सगळ्या फोनांवर हा पडदा उघडत नाही) आणि `NR State` बघा. एनएसएवर तिथे `CONNECTED` आलं तर डेटासाठी ५जी जोडलेलं आहे. डाउनलोड न करता बघू नका. फोन निवांत असताना एनएसएत ५जीची जोडणी सोडलेलीच असते.