ओळखीतून ओळख काढली म्हणजे आरडीएस झालं असं नाही

नाका कामगार, फेरीवाले यांच्या सर्वेच्या रिपोर्टात "रिस्पॉन्डन्ट ड्रिव्हन सॅम्पलिंग" म्हणजे आरडीएस असं भारी नाव दिसलं की मी आधी एकच शोधतो, प्रत्येकाला "तुम्ही अशा किती जणांना ओळखता" हे विचारलंय का? नसेल विचारलं तर ते साधं स्नोबॉल, म्हणजे नुसतं ओळखीतून ओळख काढणं आहे, नाव मोठं लावलंय इतकंच.

ही पद्धत डग्लस हेकॅथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडली, इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्यांसाठी, कारण अशा लोकांची यादीच नसते. सुरुवातीला वेगवेगळ्या गटांतली मोजकी माणसं घ्यायची, प्रत्येकाला नंबर टाकलेली साधारण तीन कूपनं ओळखीच्यांना वाटायला द्यायची, मुलाखतीचे पैसे वेगळे आणि त्याचं कूपन घेऊन कोणी आलं की त्याचे थोडे वेगळे. कूपनं मोजकीच, म्हणजे एखादा मुकादम आपली अख्खी गँग घेऊन येणार नाही. कोणी कोणाला आणलं ते नंबरवरून कळतं, नाव लागतच नाही. २००८ मध्ये शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या ४,३८७ कमी पगाराच्या कामगारांना असंच गाठलं होतं आणि त्यातल्या २६ टक्के लोकांना आदल्या आठवड्यात किमान वेतनही मिळालेलं नव्हतं. मालकाकडून यादी घेऊन हे कधी कळलं असतं का?

आता ओळखीच्या आकड्याचं. समजा नाक्यावर २०० जण भेटले, ५० म्हणाले ठेकेदाराने मजुरी बुडवली, १५० म्हणाले नाही. सरळ टक्केवारी २५. पण मजुरी बुडालेले नवखे आहेत, प्रत्येकी ५ जणांना ओळखतात, बाकीचे जुने, १५ जणांना. जास्त ओळखीच्या माणसाकडे कूपन पोचायची शक्यता तेवढी जास्त, म्हणून त्याचं वजन तेवढंच कमी करायचं. ५० भागिले ५ म्हणजे १०, १५० भागिले १५ पण १०. अंदाज थेट ५० टक्के! एक प्रश्न गाळला तर निम्मं दुखणं गायब.

अर्थात "किती ओळखता" वर लोक "सगळा नाका ओळखतो" म्हणतात, नाहीतर १०, २०, ५० असे गोल आकडे ठोकतात. म्हणून प्रश्न बांधून विचारायचा, या नाक्यावर काम करणारे, तुम्हीही त्यांना नावाने ओळखता आणि तेही तुम्हाला, आणि गेल्या महिन्यात भेटलेले किती?

यानेही न सुटणारी अडचण म्हणजे बिहारच्या मजुराची कूपनं बिहारच्यांतच फिरली आणि मराठवाड्याच्या माणसाची मराठवाड्याच्यांतच. मग जो आकडा येतो तो सुरुवातीला कोणाला निवडलं त्याच्यावर ठरतो. ओळखायला सोपं आहे, सुरुवातीच्या प्रत्येक माणसापासून निघालेल्या साखळीचा आकडा वेगळा काढून बघा, मुलाखती वाढत गेल्या तरी ते जवळ येत नसतील तर एकत्र सरासरी छापू नका, गटवार छापा. आणि एवढं सगळं नीट केलं तरी यातून शहरात एकूण मजूर किती हे निघत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते, तरी लोक रिपोर्टात तोही आकडा बिनधास्त देतात 🤦